कुटुंबातून आलेला रक्तदाब : बिघाड नेमका कुठे?

रक्तदाब हा चाळिशीनंतरचा आजार, अशी आपली समजूत असते. पण सोळा वर्षांच्या मुलीचा रक्तदाब खूप वाढलेला असेल, रक्तातील पोटॅशियम कमी असेल आणि तिच्या भावंडांचीही तीच तक्रार असेल, तर काय समजायचे? अमेरिकेत नॅशव्हिल येथे डॉ. ग्रँट लिडल यांच्यापुढे हाच प्रश्न होता. १९६३ मध्ये त्यांनी या कुटुंबाची माहिती प्रसिद्ध केली.

आपली मूत्रपिंडे दिवसभरात रक्तातून सुमारे दीड किलो मीठ गाळतात आणि जवळजवळ सगळे परत घेतात. त्यातले शंभरातला एक भाग जास्त परत घेतले गेले, तरी रोज पंधरा ग्रॅम मीठ अंगात साठू लागेल. मिठाबरोबर पाणीही राहते आणि रक्तदाब चढतो. हा शेवटचा हिशेब मूत्रपिंडातील बारीक नलिकांच्या टोकाला होतो. तिथल्या पेशींवर सोडियम आत घेणाऱ्या प्रथिनांच्या खिडक्या असतात. सोडियम आत आले की त्या बदल्यात पोटॅशियम लघवीत जाते. खिडक्या किती असाव्यात, हे अल्डोस्टेरॉन नावाचे संप्रेरक ठरवते.

म्हणून रक्तदाब जास्त व पोटॅशियम कमी दिसले, की डॉक्टरांना प्रथम अल्डोस्टेरॉन वाढल्याची शंका येते. पण या मुलीत ते अगदी नगण्य होते. त्याचे काम रोखणाऱ्या औषधाचाही उपयोग झाला नाही. मात्र खिडक्याच बंद करणारे ट्रायमटेरीन हे औषध आणि कमी मिठाचे जेवण यांनी रक्तदाब उतरला. म्हणजे संप्रेरकाचा हुकूम नसतानाही खिडक्या उघड्याच होत्या.

पुढे तिची मूत्रपिंडे निकामी झाली. १९८९ मध्ये दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवल्यावर पोटॅशियम आणि रक्तदाब दोन्ही सुधारले. दोष मूत्रपिंडातच होता, याचा हा पुरावा ठरला. १९९४ मध्ये जनुकही सापडले. या खिडकीच्या प्रथिनाला एक शेपटी असते. खिडकी जुनी झाली की पेशी त्या शेपटीला धरून ती काढून टाकते. या कुटुंबात जनुकातील एका बदलामुळे शेपटीच तुटलेली होती; त्यामुळे खिडक्या निघतच नव्हत्या.

आईवडिलांपैकी एकाकडून आलेली सदोष प्रत पुरेशी असते, म्हणून प्रत्येक अपत्याला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. मात्र काही जणांत पोटॅशियम नेहमीइतकेच आढळते, तेव्हा तेवढ्यावरून आजार नाही असे म्हणता येत नाही. उलट लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही पोटॅशियम घटते. ज्येष्ठमध फार खाल्ल्याने तर पोटॅशियम घटून रक्तदाबही चढतो. म्हणून आधी ते विचारावे, मग रक्तातील रेनिन व अल्डोस्टेरॉन तपासावे. ज्येष्ठमधाचा संबंध नसताना दोन्ही कमी निघाली, तर जनुकाची तपासणी करावी आणि भावंडांचा रक्तदाबही मोजून घ्यावा. आजार असा दुर्मिळच. पण निदान चुकले, तर उपयोग न होणारे औषध वर्षानुवर्षे चालू राहते आणि मूत्रपिंडे झिजत जातात.