किती माती जाते आणि किती गेलेली चालते

न्हावा शेव्याच्या बंदरामागे जमिनीचे तीन थर एकमेकांना लागूनच दिसतात. खाडीच्या काठाला खारजमीन आणि तिवरं, त्याच्या वर बांधबंदिस्तीची भातखाचरं, आणि चिरनेरच्या बाजूला चढत गेलेला डोंगरउतार. या उतारावर वरकस जमीन आहे, म्हणजे पातळ मातीची, नाचणी-वरी घेण्याची. मृदसंधारणाला पैसा आणि मजूर नेहमीच अपुरे असतात, त्यामुळे पहिला प्रश्न हाच येतो की काम कुठल्या शेतापासून सुरू करायचं. सवयीने उत्तर येतं, जिथे माती सगळ्यात जास्त वाहते तिथून. माझं म्हणणं असं की हे उत्तर अर्धवट आहे. किती माती जाते यापेक्षा जेवढी गेली तर चालेल त्याच्या किती पट जाते, यावरून क्रम ठरला पाहिजे.

पहिला आकडा काढण्याची रीत जुनी आहे. विशमायर आणि स्मिथ या अमेरिकी संशोधकांनी हजारो चाचणी-वाफ्यांच्या नोंदींवरून मातीच्या धुपीचं समीकरण बसवलं: A = R × K × LS × C × P. पावसाचा मारा, मातीची धूपप्रवणता, उताराची लांबी व तीव्रता, पिकाचं आच्छादन आणि बांधबंदिस्ती, या पाचांच्या गुणाकारातून वर्षाकाठी हेक्टरी किती टन माती सुटते त्याचा अंदाज मिळतो. दुसरा आकडा सहनक्षम धुपीचा, म्हणजे जमिनीची उत्पादकता न घटता दरवर्षी किती माती जाऊ शकते त्याचा. अमेरिकेत याची वरची मर्यादा एकरी पाच टन, म्हणजे हेक्टरी सुमारे 11 टन धरली जात असे. भारतात मातीची खोली आणि गुणवत्ता पाहून ती हेक्टरी 2.5 ते 12.5 टन ठेवतात. पातळ मातीला कमी, खोल मातीला जास्त.

नमुन्यादाखल दोन शेतं घेऊ. आकडे इथल्या परिस्थितीला धरून मांडलेले आहेत, मोजलेले नाहीत. वर्षाचा पाऊस 2400 मिलिमीटर धरला, तर भारतात प्रचलित असलेल्या सूत्राने (81.5 + 0.38 × पाऊस) R सुमारे 990 येतो. मातीचा K 0.10 धरू. पहिलं शेत डोंगरावरचं: उतार 12 टक्के, उताराची लांबी 40 मीटर, मातीची खोली जेमतेम 25 सेंटिमीटर आणि खाली लगेच मुरूम. LS 2.06 येतो. नाचणी आणि समतल मशागत मिळून C × P 0.18 धरला, तर धूप हेक्टरी सुमारे 37 टन. दुसरं शेत पायथ्याचं: उतार 8 टक्के, लांबी 80 मीटर, माती दीड मीटर खोल, नवी लागवड, ओळींमधली जमीन उघडी. LS 1.6, C × P 0.3, धूप हेक्टरी सुमारे 48 टन. नुसतं टनांकडे पाहिलं तर पायथ्याचं शेत पहिल्या क्रमांकावर येतं.

आता सहनक्षमता घाला. वरच्या शेताची 2.5 टन, म्हणजे तिथली धूप जवळजवळ पंधरापट. खालच्याची 12.5 टन, म्हणजे चारपटीच्या आत. क्रम उलटला. यामागचं कारण मिलिमीटरमध्ये नीट कळतं. हेक्टरी एक मिलिमीटर मातीचं वजन साधारण 13 टन भरतं, म्हणून वर दरवर्षी तीन मिलिमीटरच्या आसपास माती जाते आणि खाली पावणेचार. पण वर एकूण 250 मिलिमीटरच आहेत. ते सगळे संपायला शतकाहून कमी काळ लागेल, आणि मुळांना लागणारी खोली त्याच्या बऱ्याच आधी संपेल. खालच्या शेताकडे चारशे वर्षांचा साठा आहे.

एक आक्षेप लगेच येईल: पाणलोटाचं काम माथा ते पायथाच करायचं असतं, मग हा हिशोब कशाला? पाणी वरून येतं, म्हणून वर अडवलं तर खालचे बांध टिकतात, हे खरंच आहे. पण माथ्यावर दाट झाडोरा किंवा नुसता कातळ असेल, तर तिथे माती सुटतच नसते, आणि नियम पाळायचा म्हणून तिथे चर खणणं हा खर्च वाया जातो. माथा ते पायथा हा नियम पाण्याच्या वाटेवर काम कोणत्या दिशेने सरकावं ते सांगतो. त्या वाटेवर थांबायचं कुठे, ते हे गुणोत्तर सांगतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. समीकरणातले पाचही आकडे अंदाजाचे. त्यात थोडी थोडी चूक झाली तरी गुणाकारात ती वाढत जाते, मग अशा आकड्यावर भरवसा ठेवून क्रम लावायचा कसा? याचं उत्तर असं की, एकाच शिवारात पाऊस सगळ्यांना सारखाच आणि माती बहुधा एकाच जातीची, त्यामुळे R आणि K मधली चूक सगळ्या शेतांना सारखीच लागते आणि क्रमावर तिचा परिणाम फार होत नाही. शेतागणिक बदलतात ते उतार, आच्छादन, बांध आणि खोली. उतार नळीने मोजता येतो, खोली पहारीने पाहता येते. पहार मुरुमाला लागली की हाताला वेगळा ठोका कळतो. एका शेतात पाच-सहा ठिकाणी पाहिलं की सरासरीपेक्षा सर्वांत पातळ जागा कुठे आहे ते समजतं, आणि निर्णय त्या जागेवरून घ्यावा. पंधरापट आणि चारपट यातला फरक आकड्यांच्या गोंधळानेही पुसला जात नाही. मात्र चारपट आणि पाचपट यांच्यात क्रम लावायचा हट्ट धरू नये.

समीकरण जिथे मुळातच फसतं त्या जागा जमीन स्वतः दाखवते. उतारावर खडे मातीच्या छोट्या खांबांवर उभे राहिलेले दिसतात, कारण खड्याखालची माती टिकली आणि भोवतालची गेली. त्या खांबांची उंची अलीकडच्या धुपीचं माप देते. झाडाची मुळं उघडी पडतात, नांगरटीत तांबडे-पिवळे मुरुमाचे ठिपके वर येतात. अशा खुणा असतील आणि हिशोबात धूप कमी येत असेल, तर हिशोबावर शंका घ्यायची. ओघळी पडून खोल घळ झाली असेल तर हे समीकरण तिला मोजतच नाही. तिचा विचार स्वतंत्र करावा लागतो. भातखाचरात बांध धड असेपर्यंत धूप एक टनाच्याही खाली येते, पण बांध फुटला की सगळा हिशोब मोडतो. आणि खारजमिनीत तर धोका भरतीच्या पाण्याचा असतो. तिथे पावसाच्या समीकरणाचा उपयोग नाही, बंधाऱ्याची डागडुजी हाच पर्याय.

धूप आणि सहनक्षमता यांच्या तुलनेतून क्रमापलीकडचंही काही हाती येतं, आणि मला तेच सर्वांत कामाचं वाटतं. सहनक्षम धुपीला R × K × LS ने भागलं की C × P किती असायला हवा ते निघतं. पायथ्याच्या शेताला 0.08 हवं. ओळींमध्ये गवत, पालापाचोळ्याचं आच्छादन आणि समतल बांध यांनी ते आवाक्यात येतं. डोंगरावरच्या शेताला मात्र 0.012 हवं, म्हणजे साधारण गवताळ रानाएवढं आच्छादन. दरवर्षी मशागत करून नाचणी घेत राहिलं तर नुसत्या बांधाने हा आकडा गाठता येत नाही. एकतर पायऱ्यांची मजगी घालून उतारच बदलायचा किंवा नांगर थांबवून काजू-आंब्याखाली गवत राखायचं. 25 सेंटिमीटर मातीत मजगी घालताना खोदकामात मुरूम वर येतो, म्हणून दुसरा मार्ग सोपा. पण त्यात त्या कुटुंबाची नाचणी जाते, आणि झाडं धरेपर्यंतच्या वर्षांची भरपाई योजनेत नसेल तर शेतकरी नाही म्हणेल, आणि ते बरोबरच असेल.

तिसरा आक्षेप खाडीच्या बाजूने येतो. सहनक्षम धूप शेताच्या उत्पादकतेवर ठरते, पाण्यात गेलेल्या गाळावर नाही. हा आक्षेप मी मान्य करतो. 1983 साली देशाचा जो अंदाज केला गेला त्यात सरासरी धूप हेक्टरी 16 टनांहून अधिक आली, आणि सुटलेल्या मातीपैकी सुमारे 29 टक्के समुद्रात, 10 टक्के जलाशयांत जाते असं धरलं गेलं. उरलेली एका जागेवरून दुसरीकडे सरकते. म्हणजे खोल मातीच्या शेतातून परवडणारे 12 टन गेले तरी त्यातला काही भाग ओढ्याच्या तोंडाशी साचतोच. ओढ्याला लागून असलेल्या शेतांना म्हणून वेगळी, अधिक कडक मर्यादा लावावी आणि तिथे टनांचाच हिशोब करावा. मग आपल्या नमुन्यातलं पायथ्याचं शेत ओढ्याकाठी असेल, तर तेही पहिल्या यादीत येतं.