खारपाणपट्ट्यातील लोखंड आणि पूर्बे यांचा नकाशा

पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या तालुक्यांतून पसरलेल्या खारपाणपट्ट्यात हापशीचे पाणी बादलीत पडताना नितळ दिसते, आणि घटकाभर उघड्यावर राहिल्यावर कधीकधी तांबूस गढूळ होते. हा पालट समजून घ्यावयाचा, तर बेल्जियमचे रसायनशास्त्रज्ञ मार्सेल पूर्बे यांनी रूढ केलेला विभव आणि सामू यांचा नकाशा उपयोगी पडतो.

या नकाशात आडव्या अक्षावर पाण्याचा सामू आणि उभ्या अक्षावर लोखंडाचे विद्युत्-विभव मांडलेले असून, जमाबंदीच्या नकाशात शेतांच्या हद्दी आखाव्यात तशा रेषांनी लोखंडाच्या निरनिराळ्या अवस्थांची क्षेत्रे वेगळी केलेली असतात. समजा, एखाद्या विहिरीच्या पाण्याचा सामू 8 आहे. त्या ठिकाणी उभी रेषा ओढली, तर 25 अंश सेल्सिअसला आणि विरघळलेले लोखंड अत्यल्प असताना, उणे 0.62 व्होल्टच्या खाली धातू सुरक्षित राहतो. तेथून सुमारे उणे 0.38 पर्यंत तो आयनरूपाने विरघळतो. आणि त्याच्या वर ऑक्साइडचे आवरण स्थिर असते.

आता तांबे व मोरचूद यांच्या संदर्भ-विद्युदग्राने खोल, प्राणवायुहीन पाण्यातील नळीचे विभव उणे 0.77 भरले, असे धरू. नकाशा हायड्रोजन-विद्युदग्राच्या मापाने आखलेला असल्यामुळे त्यात 0.32 मिळवावे लागतात, आणि उत्तर उणे 0.45 येते, म्हणजे बिंदू विरघळण्याच्या क्षेत्रात पडतो. नळी झिजते, पण विरघळलेले लोखंड रंगहीन असल्याने पाणी नितळच दिसते. तेच पाणी वर येऊन हवेतील प्राणवायू शोषू लागले, की त्याचे विभव चढते, बिंदू ऑक्साइडच्या हद्दीत शिरतो, आणि तांबडा साका खाली बसतो.

मात्र बिंदू ऑक्साइडच्या हद्दीत पडला, म्हणजे लोखंड निर्धास्त झाले, असा निकाल देण्यापूर्वी हे स्मरणात ठेवावे, की हा नकाशा शुद्ध लोखंड आणि शुद्ध पाणी यांच्यापुरता आखलेला आहे. खारपाणपट्ट्याच्या पाण्यात क्लोराइड मुबलक असते. ते संरक्षक आवरण ठिकठिकाणी भेदते, आणि बाहेरून धड दिसणाऱ्या नळीला सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. शिवाय झीज संभवते की नाही, एवढेच नकाशा सांगतो. ती वर्षात होईल की वीस वर्षांत, हे सांगत नाही.

म्हणून या पट्ट्यात बोअरला लोखंडी केसिंग घालण्याची तजवीज करणाऱ्याने सामू आणि विभव यांच्याबरोबर क्लोराइडचीही तपासणी करून घ्यावी, आणि ते जास्त आढळल्यास, नकाशाचा कौल अनुकूल असला तरी, प्लॅस्टिकची नळीच पत्करावी.