दशा, वीण आणि लेबल: छायाचित्रावरून पश्मिन्याची पारख

पश्मिना ही एका विशिष्ट शेळीच्या अंगावरची आतली लव आहे. लडाखच्या चांगथांग पठारावर, चौदा हजार फुटांच्या आसपास आणि त्याहूनही उंचावर, चांगपा मेंढपाळ ही चांगथांगी शेळी पाळतात. कडाक्याच्या थंडीत तिच्या राठ केसांखाली मऊ लव वाढते. उन्हाळ्याच्या तोंडाला ती आपोआप सुटू लागली की फणीने विंचरून काढतात. एका शेळीपासून मिळणारा कच्चा माल शंभर-दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि त्यातले राठ केस व घाण काढल्यावर वापरण्याजोगी लव त्याहून बरीच कमी उरते. तिचा तंतू १२ ते १६ मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, यावरून हे सूत किती नाजूक असेल याची कल्पना येते.

या नाजूकपणातूनच शालीच्या बहुतेक खुणा निर्माण होतात. तंतू बारीक आणि आखूड असल्याने यंत्राच्या वेगवान चात्यांवर तो तुटतो. म्हणून काश्मीरमध्ये तो परंपरेने घरोघरी चरख्यावर कातला जातो, आणि या चरख्याला तिथे ‘येंदर’ म्हणतात. यंत्रावर कातायचा असेल तर त्यात नायलॉन किंवा दुसरा मजबूत तंतू मिसळावा लागतो. कापड विणून झाल्यावर नायलॉन आम्लाने विरघळवून काढला जातो, पण त्यात लवेचाही जोर कमी होतो. त्यामुळे ग्राहकासमोर तीन वेगळे प्रश्न असतात: तंतू कोणता, सूत कसे कातले आणि कापड कशावर विणले. शेळीची लव खरी असूनही सूत यंत्राचे असू शकते. याउलट, हातमागावर विणलेली शाल मेंढीच्या लोकरीचीही असू शकते. हे तीन प्रश्न एकात कालवले की फसवणुकीला वाव मिळतो.

आता अशा शाली बहुतेक वेळा पडद्यावरच्या छायाचित्रांतून विकल्या जातात, आणि हाताला लागणारा मऊपणा तिथे उपयोगी पडत नाही. तरीही तीन छायाचित्रे नीट पाहिली तर बरेच कळते: दशांचे, विणीचे आणि लेबलाचे.

पहिला मान दशांचा. मागावर कापड संपले की ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, जे टोक उरते तेच दशा होते. म्हणजे दशा हा कापडाच्या निम्म्या सुताचा उघडा नमुना असतो. विणीत गुंतलेला धागा झाकलेला असतो, तर दशांमध्ये तो सुटा दिसतो. हातकताईच्या पश्मिन्याची दशा साधारण आखूड, पापणीच्या केसांसारखी बारीक आणि किंचित असमान असते. एकेक धागा जवळून पाहिला तर तो कुठे जाड, कुठे बारीक दिसतो, त्यावर अगदी सूक्ष्म रोमांची धूसर कडा असते, आणि चमक मंद असते.

धागा सरळ, गुळगुळीत आणि लखलखीत असेल तर तो रेशमाचा किंवा व्हिस्कोसचा असण्याची शक्यता मोठी. पश्मिना-रेशीम मिश्रणाच्या शालीत ताणा बहुधा रेशमाचा आणि बाणा लवेचा असतो. मग शालीचा मधला भाग मंद दिसतो आणि दशा मात्र चमकते. हे मिश्रण वाईट नाही. त्याने शाल मजबूत होते, आणि नेपाळमधून येणाऱ्या शालींत ते पुष्कळ आढळते. शुद्ध म्हणून सांगून तिची किंमत घेणे हाच गैरव्यवहार आहे. जाड पिळाच्या, गाठ मारलेल्या लांब गोंड्यांकडेही बारकाईने पाहावे. गोंडा शालीच्या टोकाला शिवणीने जोडलेला दिसला, तर तो कापडाच्या ताण्याबद्दल काहीच सांगत नाही. दशा मुळीच नसेल आणि कड दुमडून शिवली असेल, तरी तेवढ्यावरून शाल खोटी ठरत नाही.

दशेच्या शेजारीच शालीची लांबीकडची किनार असते, आणि खरेदीदार ती सहसा मागतच नाहीत. हातमागावर धोटा एका बाजूने जातो, दुसऱ्या बाजूने परततो. त्यामुळे आडवा धागा किनारीवर वळलेला दिसतो. बिनधोट्याच्या आधुनिक यंत्रमागावर प्रत्येक आडवा धागा वेगळा टाकला जातो आणि कडेला कापला जातो, म्हणून तिथे छाटलेल्या टोकांची रांग किंवा ती टोके घट्ट धरणारी वेगळी पट्टी दिसते. अशी पट्टी दिसली तर ‘हातमागावर विणलेली’ हा दावा तिथेच संपतो. मात्र वळलेली किनार दिसली म्हणून हातमाग सिद्ध होत नाही, कारण धोट्याचे जुने यंत्रमागही तशीच किनार देतात.

विणीसाठी सर्वांत उपयोगी छायाचित्र म्हणजे शाल खिडकीसमोर धरून, मागून उजेड येईल असे, अगदी जवळून घेतलेले. प्रमाण कळावे म्हणून शेजारी मोजपट्टी असावी. हातकताईच्या सुतात धाग्यांची जाडी सारखी बदलते. त्यामुळे उजेडात काही ओळी दाट, काही विरळ दिसतात. यंत्राच्या सुताची वीण आलेखाच्या कागदासारखी एकसारखी दिसते. पश्मिन्यात तिरप्या रेघांची वीण असते, साधी सरळ वीण असते, आणि ‘चश्म-ए-बुलबुल’ नावाची बारीक चौकटींची वीणही असते. म्हणून विणीचा प्रकार पाहण्यापेक्षा तिची नियमितता पाहावी.

बाजूने तिरपा उजेड टाकून घेतलेले दुसरे छायाचित्र पृष्ठभाग दाखवते. पश्मिन्यावर रोमांचा पातळ, मंद थर असतो. पॉलिस्टर किंवा व्हिस्कोसमध्ये प्रकाशाच्या सरळ, काचेसारख्या रेघा चमकतात. ॲक्रिलिक फुगीर दिसते. बारीक गोळे आले म्हणून शाल बनावट, हा समज मात्र सोडावा. आखूड तंतूच्या पश्मिन्यालाही वापरात गोळे येतात.

विणीची परीक्षा मेरिनो लोकरीपाशी अडते. काश्मीरमध्ये मेरिनो जातीच्या लोकरीची ‘रफल’ शाल मोठ्या प्रमाणावर बनते. मेरिनोचा अतिबारीक प्रकार १८ मायक्रॉनच्या आसपास असतो. पश्मिन्याशी हा फरक दोन-चार मायक्रॉनचा, आणि कोणत्याही मोबाइलच्या छायाचित्रात तो दिसत नाही. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तंतूवरचे खवले पाहतात. मेंढीच्या लोकरीवर ते जाड आणि जवळजवळ असतात, पश्मिन्यावर पातळ आणि अंतराने. घरगुती परीक्षाही इथे उपयोगी पडत नाहीत. अंगठीतून शाल पार होणे हे पातळपणाचे लक्षण आहे, पण पातळ रेशीम आणि व्हिस्कोसही पार होतात. धागा जाळून पाहिल्यास केस जळल्याचा वास येतो, पण तो मेंढीच्या लोकरीलाही येतो. जळलेल्या धाग्याचा टणक मणी झाला तर कृत्रिम तंतू, कागद जळल्याचा वास आला तर व्हिस्कोस, एवढाच निष्कर्ष त्यातून काढता येतो.

लेबलाच्या छायाचित्रात आधी तंतूंचे प्रमाण शोधावे. ‘७० टक्के पश्मिना, ३० टक्के रेशीम’ असे लिहिणारा विक्रेता निदान मिश्रण लपवत नाही. ‘सेमी पश्मिना’, ‘पश्मिना फील’, ‘पश्मिना स्टाइल’ या शब्दांचा अर्थ व्यवहारात एकच: शाल पूर्ण पश्मिन्याची नाही. ‘कॅशमिलॉन’ हे नाव काश्मीरची आठवण करून देत असले तरी तो ॲक्रिलिक धागा आहे. सत्कारात शाल-श्रीफळ देताना आपल्याकडे अशा शाली सर्रास वापरल्या जातात, आणि त्या पश्मिना म्हणून विकल्या जात नाहीत तोवर त्यात काही वावगे नाही. निर्यातीच्या मालावर ‘पश्मिना’ ऐवजी ‘कॅशमिअर’ लिहिलेले असते. अमेरिकेच्या नियमानुसार त्या शब्दासाठी तंतूची सरासरी जाडी १९ मायक्रॉनपर्यंत चालते. म्हणजे ते लेबल खरे असूनही शाल काश्मिरी पश्मिन्याच्या निकषात बसेलच असे नाही.

काश्मिरी पश्मिन्याला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे निकष स्पष्ट आहेत: तंतू १६ मायक्रॉनपर्यंत, सूत हाताने कातलेले, कापड हातमागावर विणलेले. श्रीनगरच्या क्राफ्ट डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटमध्ये शालीची तपासणी होते, आणि उत्तीर्ण शालीला स्वतंत्र क्रमांकाचे सुरक्षित लेबल लावले जाते. भारतीय मानक ब्युरोनेही २०१९ मध्ये पश्मिन्याची ओळख आणि लेबल यांसाठी मानक प्रसिद्ध केले. लेबलाचे छायाचित्र मात्र कुणीही दुसऱ्याच्या शालीवरून उचलू शकतो. म्हणून क्रमांक वाचता येईल असे, शालीच्या कोपऱ्यासह घेतलेले छायाचित्र मागावे, आणि क्रमांक पडताळल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एक नमुना पाहू. समजा ‘शुद्ध काश्मिरी पश्मिना, हातमागावर विणलेली’ अशी जाहिरात आहे, किंमत अडीच हजार रुपये. पहिल्या छायाचित्रात चार इंचांचे, पिळाचे, लखलखणारे गोंडे आहेत आणि ते शिवणीने जोडलेले दिसतात. दुसऱ्यात तिरप्या रेघांची वीण उजेडातही काटेकोर सारखी दिसते, आणि किनारीवर छाटलेल्या धाग्यांची पट्टी आहे. तिसऱ्यात सोनेरी अक्षरांत फक्त ‘१०० टक्के पश्मिना’ लिहिले आहे. क्रमांक नाही, उत्पादकाचे नाव नाही. गोंड्यांवरून काहीच ठरवता येत नाही, पण किनारीवरून ‘हातमाग’ हा दावा खोटा ठरतो. सारख्या विणीवरून सूत यंत्राचे दिसते. लेबलात तपासता येईल असे काही नाही. लव कोणती हे अजूनही उघडच आहे, पण ते शोधण्याची गरज उरत नाही, कारण जाहिरातीतला एक दावा छायाचित्रातच मोडला आहे. शिवाय शेळ्यांच्या लवेचे आणि आठवड्यांच्या कताई-विणाईचे दाम या किमतीत बसत नाही.

दुसऱ्या शालीच्या छायाचित्रांत आखूड असमान दशा, वळलेली किनार आणि उजेडात खालीवर होणारी वीण दिसली, तर हातकताईचा संभव बराच वाढतो, पण तंतू पश्मिन्याचाच आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. अशा वेळी विक्रेत्याकडे तपासणीचा क्रमांक मागावा. तो नसेल तर शाल परत करण्याची लेखी मुभा घ्यावी आणि शंका असल्यास कापड तंतू-तपासणीच्या प्रयोगशाळेत द्यावे. शहतूश म्हणून कुणी त्याहून बारीक शाल देऊ करत असेल तर ती छायाचित्र पाहण्याआधीच नाकारावी. ती चिरू या वन्य प्राण्याला मारून मिळवलेल्या लवेची असते, आणि भारतात तिचा व्यापार बेकायदेशीर आहे.