हात हलवत परत गेलेले साठजण

ऑग्युस्तँ कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने 1838 साली अर्थशास्त्रावर एक पुस्तक लिहिलं. त्यात पानोपानी समीकरणं होती. अर्थशास्त्रात तेव्हा तशी रीत नव्हती, त्यामुळे कितीतरी वर्षं त्या पुस्तकाकडे कोणी फिरकलं नाही. त्यातला एक प्रसंग मात्र आज अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला भेटतो. खनिज पाण्याचे दोन झरे शेजारी-शेजारी आहेत, पाणी अगदी सारखं, मालक वेगवेगळे, आणि दोघांचं पाणी एकाच बाजारात येतं. भाव किती राहील?

कूर्नोने यात आकडे घातले नव्हते, आणि पाणी काढायला खर्च येत नाही असं धरलं होतं. आपण सोयीसाठी आकडे घालू आणि थोडा खर्चही धरू. समजा, एक घडा भरून बाजारात आणायला 20 सेंटिम लागतात. त्यात मजुरी आली, भांडवलावरचा रास्त परतावाही आला. गिऱ्हाइकांची रांग अशी लावू: सगळ्यात गरजू माणूस घड्याला 140 सेंटिमच्या जवळपास द्यायला तयार आहे, आणि त्याच्यामागचा प्रत्येकजण पुढच्यापेक्षा एक सेंटिम कमी. प्रत्येकाला घडा एकच हवाय.

आधी असं धरू की झरे पुष्कळ आहेत आणि विक्रेत्यांत खरी स्पर्धा आहे. भाव खर्चापर्यंत, म्हणजे 20 वर येतो आणि 120 जण पाणी नेतात. पहिला माणूस 140 देणार होता, त्याचं काम 20 मध्ये झालं. त्याचा मनातला फायदा 120. शेवटच्याचा फायदा शून्य. सरासरी 60, माणसं 120, एकूण 7200. यालाच उपभोक्त्याचं संतोषाधिक्य म्हणतात. फ्रान्समधल्याच झ्यूल द्यूप्वी या इंजिनिअरने 1844 मध्ये पूल-रस्त्यांचा लोकांना होणारा उपयोग मोजताना हा विचार मांडला, आणि पुढे आल्फ्रेड मार्शलने तो रुळवला. विक्रेत्याला खर्चावर काहीच उरत नाही, म्हणजे उत्पादकाचं आधिक्य शून्य. दोन्हींची बेरीज ते एकूण कल्याण: 7200.

आता सगळं पाणी एकाच मालकाच्या हाती गेलं असं समजा. त्याला कोणाची भीती नाही, तरी तो 140 लावत नाही. त्या भावाला घेणार कोण? 70 लावले तर 70 गिऱ्हाइकं, प्रत्येकामागे 50 उरतात, एकूण 3500. 90 लावले तर 50 गिऱ्हाइकं, प्रत्येकामागे 70, पुन्हा 3500. मध्ये 80 वर 60 गिऱ्हाइकं आणि प्रत्येकामागे 60, म्हणजे 3600. तो 80 वर थांबतो.

गिऱ्हाइकांकडे आता 1800 उरले: 60 माणसं, सरासरी फायदा 30. त्यांचे 5400 गेले, त्यातले 3600 मालकाच्या तिजोरीत सापडतात. मग उरलेले 1800? ते कोणाच्याच खिशात नाहीत. मक्तेदाराने लोकांना लुबाडलं असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर ते 3600 असतात. पण एकूण कल्याणाच्या हिशेबात ते नुसते एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेत. खरी नासाडी झाली ती हात हलवत परत गेलेल्या 60 जणांपाशी. त्यातला प्रत्येकजण 20 पेक्षा जास्त द्यायला तयार होता, म्हणजे खर्च भरून निघत होता, तरी पाणी झऱ्यातच राहिलं. अशी नासाडी कुठल्याही हिशेबाच्या वहीत नोंदली जात नाही, कारण व्यवहारच झालेला नसतो.

आता दुसरा झरा. कूर्नोच्या मालकांची खोड अशी की ते भाव ठरवत नाहीत, किती पाणी आणायचं ते ठरवतात. भाव बाजार लावतो. दुसऱ्याने किती आणलंय ते बघून प्रत्येकजण आपला आकडा जुळवतो. पहिला 60 घडे आणत होता, म्हणून दुसरा त्याला परवडतील तेवढे 30 आणतो. बाजारात पाणी वाढलं, भाव उतरला, म्हणून पहिला 45 वर येतो. ते बघून दुसरा साडेसदतीसवर जातो. असं होत होत दोघे 40-40 वर थांबतात. तिथून हलण्यात कोणाचाच फायदा नाही: एकाने 40 ठेवले आणि दुसऱ्याने 50 केले किंवा 30 केले, तर त्या दुसऱ्याचे 1600 चे 1500 होतात.

एकूण 80 घडे, भाव 60. दोन्ही मालकांचे मिळून 3200, आणि गिऱ्हाइकांचेही 3200. (हा तंतोतंत सारखेपणा मागणीची रेषा सरळ असल्यामुळे आणि मालक दोनच असल्यामुळे आलाय, त्यात न्याय-बिय शोधू नये.) एकूण कल्याण 6400. नासाडी 1800 वरून 800 वर आली. एकच प्रतिस्पर्धी आला आणि निम्म्याहून जास्त नुकसान भरून निघालं! तिसरा झरा आला तर ती 450 वर येईल, म्हणजे पहिल्यासारखी उडी पुन्हा दिसणार नाही. पण गिऱ्हाइकाच्या जागेवरून बघा: स्पर्धेत त्याला 7200 मिळत होते, इथे 3200. एकूण कल्याण नवव्या हिश्श्यानेच घटलं, त्याचं स्वतःचं मात्र निम्म्याहून जास्त गेलं. 'एकूण' या शब्दाखाली बरंच काही झाकलं जातं.

दोघांनी संगनमत करून 30-30 घडेच आणायचे ठरवलं तर प्रत्येकाला 1800 मिळतील, 1600 पेक्षा जास्त. पण समोरचा 30 वर थांबलाय हे कळताच गुपचूप 45 आणणाऱ्याला 2025 मिळतात, म्हणून असे करार आतूनच पोखरले जातात. दुकानं दोन असूनही भाव 80 वरून हलत नसेल, तर करार टिकलाय असा संशय घ्यायला जागा आहे. उलट, 1883 मध्ये झोझेफ बर्त्राँने आक्षेप घेतला की मालक पाण्याऐवजी भावावर झुंजले तर एकमेकांना कापत ते थेट 20 वर येतील. दोन मालक आहेत एवढ्यावरून काही सांगता येत नाही. ते कशावर झुंजताहेत हे आधी बघावं लागतं.

आतापर्यंत दुसरा झरा आपण फुकट उघडला. समजा, तो खोदायला एकदाच 1200 लागतात. दुसऱ्या मालकाला 1600 मिळणार, 400 सुटतील, म्हणून तो खोदणारच. पण एकूण कल्याण 5400 वरून 6400 वर, म्हणजे फक्त 1000 ने वाढलंय. खर्च वजा जाता 200 ची तूट. हे कसं? गिऱ्हाइकांना 1400 जास्त मिळाले, नव्या मालकाला 400, पण जुन्याचे 3600 चे 1600 झाले, म्हणजे 2000 गेले. नव्याच्या कमाईचा मोठा भाग हा जुन्याचा पळवलेला धंदाच होता. ग्रेगरी मॅन्किव आणि मायकेल व्हिन्स्टन यांनी 1986 मध्ये हा हिशेब सर्वसाधारण रूपात मांडला.

म्हणून दुसरा झरा खोदू द्यायचा नाही का? रांगेतल्या माणसांना विचारलं तर ती खोदा म्हणतील. त्यांना ती 200 ची तूट कुठे दिसतच नाही. भाव 80 वरून 60 झाला आणि परत जाणाऱ्यांतली 20 माणसं या वेळी घडा भरून घरी गेली, एवढं दिसतं.