लिटरला किती पडले?

समजा, फळीवर सोयाबीन तेलाचे तीन प्रकार शेजारी शेजारी मांडले आहेत. ८०० मिलिलिटरची पिशवी १३२ रुपयांना, १ लिटरची १५८ रुपयांना आणि ५ लिटरचा कॅन ८०५ रुपयांना. घाईत असलेले गिऱ्हाईक १३२ चा आकडा पाहून पहिली पिशवी उचलते. महिन्याचा बाजार भरणारे, मोठे घेतले की स्वस्त पडते या हिशेबाने कॅनकडे वळते. प्रत्यक्षात लिटरमागे हे दर अनुक्रमे १६५, १५८ आणि १६१ रुपये आहेत. सगळ्यांत स्वस्त तेल मधल्या पिशवीतले आहे. मी घेतलेल्या किमती उदाहरणापुरत्या असल्या तरी अशी उलटापालट खऱ्या दुकानात नेहमी सापडते. फळीवर लावलेली किमतीची चिठ्ठी नीट आखलेली असेल, तर गिऱ्हाइकाला हा हिशेब मनात मांडावा लागत नाही.

काउंटरपलीकडून माल मागायची पद्धत होती तोवर अशा चिठ्ठीची फारशी गरज पडत नव्हती. भाव दुकानदाराला विचारला जाई आणि सुट्या मालाचा भाव मुळातच किलोचा असे. आता तालुक्याच्या गावीही किराणा दुकानदार काउंटर मागे सरकवून मधे मांडण्या लावतात आणि गिऱ्हाईक टोपली घेऊन स्वतः फिरते. भाव सांगायला समोर कोणी नसल्याने ते काम चिठ्ठीकडे येते.

पाकिटावर हा दर छापलेला असतोच, मग चिठ्ठी कशाला, असे कोणी विचारेल. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ यांत २०२१ साली दुरुस्ती झाली. ठरावीक वस्तूंसाठी पाकिटांची जी प्रमाणित मापे होती ती काढून टाकली गेली आणि त्यासोबत पाकिटावर एकक किंमत छापण्याची तरतूद आली. मापे मोकळी झाल्याने ८०० मिलिलिटर, ८५० ग्रॅम असल्या आडमापाच्या पाकिटांना वाट मिळाली, म्हणून एकक किंमत हवीच होती. पण ती छापायची रीत तुलनेला सोयीची नाही. लिटरपेक्षा कमी माल असेल तर दर मिलिलिटरमागे, जास्त असेल तर लिटरमागे, आणि तोही दोन दशांश स्थळांपर्यंत. आपल्या ८०० मिलिलिटरच्या पिशवीची एमआरपी १४५ रुपये धरली तर तिच्यावर मिलिलिटरला ०.१८ रुपये असे येईल आणि ८९० रुपये एमआरपीच्या कॅनवर लिटरला १७८ रुपये. हे दोन आकडे डोळ्यांना जुळत नाहीत. शिवाय ०.१८ हा आकडा लिटरला १७५ पासून १८५ पर्यंत काहीही असू शकतो. तेलात लोक ज्या फरकासाठी दुकान बदलतात तो सगळा या एका आकड्यात बुडून जातो. त्यातही हा हिशेब एमआरपीवरचा आहे आणि किराणा दुकानदार बहुतेक वेळा एमआरपीच्या खाली विकतो. म्हणून दुकानाच्या चिठ्ठीवर दुकानाच्या विक्रीच्या किमतीवरून काढलेला दर हवा आणि एका जातीच्या सगळ्या मालाला एकच एकक हवे.

एकक पाकिटावरून ठरवायचे नाही, मालाच्या जातीवरून ठरवायचे. डाळ, तांदूळ, पीठ, साखर किलोला आणि तेल लिटरला. चहा, मसाले, बिस्किटे, साबण, टूथपेस्ट १०० ग्रॅमला आणि शाम्पू १०० मिलिलिटरला. तेलाच्या काही पिशव्यांवर वजन मोठे आणि मिलिलिटर बारीक छापलेले असते. १ लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते, त्यामुळे एका पिशवीचा दर किलोवर आणि शेजारच्या पिशवीचा लिटरवर काढला, तर तुलना दहा टक्क्यांच्या आसपास चुकते. अशा वेळी पिशवीवरचा मिलिलिटरचा आकडा शोधून तोच घ्यावा.

आता अक्षरांच्या मापाकडे येऊ. हात लांब करून बोट चिठ्ठीला टेकते तेव्हा डोळ्यापासून ती साठ-सत्तर सेंटिमीटरवर असते. अंतराचा दोनशेवा भाग एवढी आकड्याची उंची असली की साधारण नजरेला तो आरामात वाचता येतो, हा कामचलाऊ ठोकताळा मी वापरते. सत्तर सेंटिमीटरला साडेतीन मिलिमीटर होतात. पण हे झाले छातीच्या उंचीवरच्या फळीचे. सर्वांत खालची फळी जमिनीपासून वीस सेंटिमीटरवर असते आणि उभ्या माणसाचा डोळा सुमारे १४५ सेंटिमीटरवर. फळीपासून चाळीस सेंटिमीटरवर उभे राहिले तर डोळ्यापासून त्या चिठ्ठीचे अंतर १३० सेंटिमीटर भरते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तिथे आकडा साडेसहा मिलिमीटरचा लागतो. आणि माल काढायला सोपा म्हणून पाच-दहा किलोचे जड पाकीट याच खालच्या फळीवर असते, जिथे एकक दराचा उपयोग सर्वांत जास्त.

याहून मोठी अडचण कोनाची आहे. खालच्या फळीवरची सरळ उभी चिठ्ठी आपण जवळजवळ वरून पाहतो, त्यामुळे आकड्याची उंची दिसायला तिसऱ्या हिश्श्यावर येते. मग सात मिलिमीटरचा आकडा दोन मिलिमीटरचा वाटतो. अक्षर कितीही मोठे केले तरी हे भरून निघत नाही. चिठ्ठीची पट्टी वरच्या बाजूला ४५ अंशांत कलती केली की तोच आकडा जवळजवळ पूर्ण उंचीने दिसतो. खालच्या दोन फळ्यांना कलती पट्टी बसवणे हा या सगळ्या कामातला सर्वांत फायद्याचा खर्च आहे, असे माझे ठाम मत आहे.

चष्म्याचाही विचार करावा लागतो. वाचायचा चष्मा साधारण चाळीस सेंटिमीटरसाठी दिलेला असतो, त्यातून हाताच्या अंतरावरचे अक्षर थोडे पुसट दिसते. बायफोकल वापरणारे आजोबा खाली पाहतात तेव्हा नजर आपोआप काचेच्या खालच्या, जवळच्या भागातून जाते आणि चिठ्ठी मात्र सव्वा मीटर लांब असते. डोळे आणि चष्मा दोन्ही ठीक असूनही त्यांना वाचता येत नाही. म्हणून ठोकताळ्याने निघालेल्या मापात थोडी भर घालावी.

हे सगळे धरून ६५ मिलिमीटर रुंद आणि ३८ मिलिमीटर उंच अशी चिठ्ठी घेऊ. बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांत ती साधारणपणे बसते आणि ए-फोर कागदावर तीन उभ्या रांगांत सात सात अशा २१ चिठ्ठ्या निघतात. पट्टीच्या कडा वरखाली थोडा भाग झाकतात, तिथे तीन-तीन मिलिमीटर कोरे सोडावे. वर मालाचे नाव एका ओळीत, देवनागरीत, शिरोरेषेपासून पायापर्यंत चार मिलिमीटर. नाव ठळक करू नये, कारण ठळक अक्षरात क्ष, ळ, श्र यांच्या आतल्या मोकळ्या जागा शाईने भरतात. मधल्या पट्ट्यात उजवीकडे विक्रीची किंमत, आकडे १३ मिलिमीटर उंच, म्हणजे बहुतेक फाँटांत ५२ पॉइंटच्या जवळपास. डावीकडे फिक्या पिवळ्या चौकटीत एकक दर, आकडे सात मिलिमीटर, सुमारे २८ पॉइंट, आणि त्याच्या डोक्यावर ‘लिटरला’ किंवा ‘१०० ग्रॅमला’. तळाला निव्वळ माप आणि चिठ्ठी छापल्याची तारीख. मुक्ता हा मोफत मिळणारा फाँट या कामाला चांगला आहे. आकडे काळे असावेत. पिवळ्यावर लाल लिहिले की ट्यूबलाइटखाली ते मळकट दिसतात.

एकक दराची जागा प्रत्येक चिठ्ठीवर तीच राहिली पाहिजे. तुलना करताना नजर फळीवर आडवी सरकते आणि पिवळी चौकट कधी डावीकडे, कधी खाली असेल तर ती दरवेळी अडखळते. सुटसुटीतपणासाठी किलो-लिटरचा दर पूर्ण रुपयांत द्यावा, १०० ग्रॅमचा एक दशांशापर्यंत.

दर हाताने भरू नये. किंमत बदलली आणि एकक दर जुनाच राहिला, तर चिठ्ठी गिऱ्हाइकाला फसवते आणि दुकानदाराला ते कळतही नाही. स्प्रेडशीटमध्ये ए रकान्यात नाव, बी मध्ये निव्वळ माप ग्रॅम वा मिलिलिटरमध्ये, सी मध्ये विक्रीची किंमत, डी मध्ये एकक, म्हणजे १००० किंवा १००, आणि ई मध्ये हे सूत्र:

```
=ROUND(C2/B2*D2, IF(D2=1000,0,1))
```

तेलाच्या पहिल्या पिशवीला १३२ भागिले ८००, गुणिले १०००, उत्तर १६५. ई रकाना कुलूपबंद करून टाकावा आणि मेल मर्जने चिठ्ठ्या छापाव्यात. इथली नेहमीची चूक म्हणजे १ लिटरच्या पिशवीला बी रकान्यात १००० ऐवजी १ लिहिणे. मग दर १,५८,००० येतो आणि तो लगेच डोळ्यात भरतो. चार साबणांच्या पाकिटाला एकाच साबणाचे वजन लिहिले तर दर चौपट येतो, तो मात्र तितका ठळक दिसत नाही. म्हणून छापण्याआधी यादी जातीप्रमाणे आणि दराप्रमाणे लावून घ्यावी. चुकलेली ओळ टोकाला जाऊन बसते.

छापताना प्रिंटरमध्ये १०० टक्के मापाचा पर्याय निवडावा. पानात बसवण्याचा पर्याय राहिला तर सगळे थोडे आक्रसते आणि चिठ्ठी पट्टीत खुळखुळते. पहिल्या कागदावर फूटपट्टी ठेवून ६५ मिलिमीटर मोजावे. लेझर छपाई तेलकट हाताला टिकते, इंकजेटची शाई ओल्या बोटाने फिसकटते आणि थर्मल कागद उन्हात पुसट होतो.

चाचणी संध्याकाळी, दुकानाच्या रोजच्या दिव्यांत घ्यावी. पन्नाशी ओलांडलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाला वाकायला न लावता खालच्या फळीवरचे दोन एकक दर वाचायला सांगावे. प्लॅस्टिकवर दिवा चमकून आकडा गायब होत असेल तर पट्टीचा कोन थोडा बदलावा किंवा चमक नसलेली पट्टी घ्यावी.

चिठ्ठी बरोबर आहे की नाही याची खरी परीक्षा नवा माल आल्यावर होते. कंपनी किंमत तीच ठेवून बिस्किटाच्या पुड्याचे वजन कमी करते. तसे झाले की चिठ्ठीवरची किंमत खरी राहते आणि एकक दर खोटा पडतो. चिठ्ठीच्या तळाला निव्वळ माप लिहायचे ते यासाठीच. फळी भरणाऱ्या पोऱ्याला एवढेच शिकवावे, की नवा खोका फोडला की पहिले पाकीट चिठ्ठीशेजारी धरून दोन्हीकडचे वजन जुळवायचे आणि जुळले नाही तर चिठ्ठी काढून गल्ल्यावर आणून द्यायची. नवी छापून होईपर्यंत त्या मालाला चिठ्ठी नसली तरी चालेल.