ढेरे ‘ड’खाली का गेले?

शोधनिबंध तपासायला आला की मी आधी शेवटची पाने उघडतो. मजकूर कितीही नीट असला तरी संदर्भसूचीत काही ना काही निसटलेले असते. त्याचे कारणही साधे आहे. मजकूर लेखक दहा वेळा वाचतो. सूची मात्र महिनोन्‌महिने थोडी थोडी जमत जाते. एक नोंद ग्रंथालयात उभ्या उभ्या टिपलेली, दुसरी कोणाच्या तरी प्रबंधातून उचललेली, तिसरी आठवणीवर लिहिलेली. सगळ्या शेवटच्या रात्री एकाखाली एक चिकटवल्या जातात.

विठ्ठलभक्तीवरच्या निबंधाच्या सूचीत अशी नोंद सापडते असे समजा:

डॉ.रा.चिं. ढेरे , श्री विठ्ठल एक महासमन्वयः श्रीविद्या प्रकाशन १९८४,

पुस्तक कोणते ते कळते, मग बिघडले कुठे? एकेक पाहू.

सूची आडनावाने लावलेली असते, आणि ही नोंद ‘डॉ.’ने सुरू होते. म्हणजे ती ‘ड’खाली गेली. आडनाव नेमाडे किंवा भागवत असते तर ‘डॉ.’ लगेच डोळ्यांत भरले असते. पण ‘ड’ आणि ‘ढ’ हे वर्णमालेतले सख्खे शेजारी, त्यामुळे नोंद जवळपास योग्य जागी दिसते आणि नजर पुढे सरकते. सूचीतल्या नावांना डॉ., प्रा., कै., श्री. लावायचे नसते. आदर मजकुरात दाखवता येतो. इथे वाचकाला आडनावावरून नाव शोधायचे असते.

मग विरामचिन्हे. ‘ढेरे’नंतर मोकळी जागा सोडून स्वल्पविराम आला आहे. स्वल्पविराम आधीच्या अक्षराला चिकटूनच हवा, नाहीतर ओळ तुटताना तो एकटाच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो. ‘रा.चिं.’मध्ये अक्षरे चिकटली आहेत. खालच्या नोंदीत ‘वि. का.’ सुटे असेल तर दोन्हींपैकी एकच पद्धत सगळीकडे ठेवायला हवी. शेवटी लोंबणारा स्वल्पविराम सांगतो की लेखक पुढे काहीतरी लिहिणार होता आणि राहून गेले.

सर्वांत लपलेली चूक ‘महासमन्वयः’ या शब्दात आहे. तिथे अपूर्णविरामाऐवजी विसर्ग टंकला गेला आहे. कागदावर दोन्ही म्हणजे दोन ठिपकेच. संगणकासाठी मात्र विसर्ग हा अक्षराचा भाग आहे आणि अपूर्णविराम हे चिन्ह. ‘मुंबईः’ आणि ‘मुंबई:’ हे त्याच्या लेखी दोन वेगळे शब्द ठरतात, म्हणून एक शोधला तर दुसरा सापडत नाही. डोळ्यांनी ही चूक पकडणे कठीण. मी शोधाच्या चौकटीत नुसता विसर्ग टाकतो आणि सूचीत तो जिथे जिथे सापडेल तिथे थांबतो. ‘दुःख’ किंवा ‘अंतःकरण’ असेल तर पुढे जायचे, गावाच्या किंवा शीर्षकाच्या शेवटी असेल तर बदलायचा. मराठीत अपूर्णविरामाआधी जागा सोडून टंकायची रीत आहे. ती पाळली तर हा गोंधळ आपोआप टळतो.

शीर्षकातही दोन गोष्टी राहिल्या. ‘श्रीविठ्ठल’ हा एक शब्द तोडला गेला आणि उपशीर्षकाआधीचे चिन्ह गळले. शिवाय प्रकाशनस्थळ नाही. सुधारलेली नोंद अशी होईल:

ढेरे, रा. चिं. श्रीविठ्ठल : एक महासमन्वय. पुणे : श्रीविद्या प्रकाशन, १९८४.

हा एक साचा झाला. एपीए पद्धतीत वर्ष नावानंतर लगेच कंसात येते आणि तिच्या सातव्या आवृत्तीपासून प्रकाशनस्थळ देतच नाहीत. कोणती पद्धत बरी, यावर मी वाद घालत नाही. नियतकालिक जी सांगेल ती घ्यावी. पण अर्ध्या नोंदी एका पद्धतीच्या आणि अर्ध्या दुसऱ्या पद्धतीच्या असतील तर गळलेले स्थळ ही चूक की पद्धत, हेच वाचकाला कळत नाही.

आता याच पुस्तकाची दुसरी नोंद पाहा. ॲन फेल्डहाउस यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो २०११ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढला. निबंधलेखकाने पाने इंग्रजीतून घेतली असली की सूचीत ‘फेल्डहाउस, ॲन’ अशी सुरुवात करण्याचा मोह होतो, कारण त्यांचेही नाव शीर्षकपानावर आहे. ‘अनु.’ ही दोन अक्षरे गळली की ढेऱ्यांचे संशोधन फेल्डहाउस यांच्या नावावर जमा होते. नोंद ‘ढेरे’नेच सुरू व्हायला हवी, आणि शीर्षकानंतर ‘अनु. ॲन फेल्डहाउस’ यायला हवे. ‘संपा.’ गळल्यावरही हेच घडते. संपादित ग्रंथातला लेख ज्याने लिहिला तो बाजूला पडतो आणि संपादक लेखक होऊन बसतो.

क्रमाकडे वळू. मराठीत अकारविल्हे लावणे संगणकावर सोडले की काम झाले असे वाटते. मी तरी तसे मानत नाही. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात मात्र त्याची जागा ‘ल’च्या लगेच पुढे आहे. जो प्रोग्राम नुसत्या तक्त्यातल्या क्रमांकावर चालतो तो केतकर, केळकर, केसकर अशी ओळ लावतो. वर्णमालेप्रमाणे हवे केतकर, केसकर, केळकर. ‘ॲ’ची गंमत आणखी वेगळी. हे अक्षर तक्त्यात मागाहून आले, म्हणून त्याला सगळ्या व्यंजनांनंतरचा क्रमांक मिळाला. ते दोन तऱ्हांनी टंकता येते : एकच अक्षर म्हणून, किंवा ‘अ’ला वरची अर्धचंद्राची खूण देऊन. दिसायला दोन्ही सारखी. पण क्रमांकावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्या तऱ्हेचे नाव ‘अ’मध्ये ठेवतो आणि पहिल्या तऱ्हेचे थेट ‘ह’च्याही पुढे ढकलतो. सूचीच्या अगदी तळाशी एखादे ‘ॲ’चे नाव एकटे पडलेले दिसले की कारण हेच असते. भाषेचे नियम ओळखणारे प्रोग्रामही आहेत, पण हातातला प्रोग्राम त्यांपैकी आहे की नाही हे ‘ळ’ची आडनावे तपासून आधी पाहावे. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी ठेवायचे की ‘क’ आणि ‘ज’च्या पोटात, याचाही निर्णय एकदाच करावा. दोन्ही रीती चालतात, मिसळ चालत नाही.

क्रमातली सर्वांत महागात पडणारी चूक मात्र एका रेघेमुळे होते. एकाच लेखकाची अनेक पुस्तके असली की काही पद्धतींत पहिल्या नोंदीत नाव देतात आणि पुढे नावाच्या जागी लांब रेघ ओढतात. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’खाली रेघ देऊन ‘टीकास्वयंवर’ लिहिले. नंतर लेखकाला एक राहिलेली नोंद आठवली, समजा कोणा पाटलांची, आणि ती घाईत या दोघांच्या मध्ये पडली. ‘टीकास्वयंवर’ पाटलांचे झाले. छापील पानावर ही चूक चूक म्हणून दिसतच नाही. म्हणून मी तपासताना सगळ्या रेघा काढून पूर्ण नावे घालायला लावतो, क्रम पक्का करतो, आणि रेघा अगदी शेवटी परत ओढतो. नेमाड्यांच्या पुस्तकांचा आपसांतला क्रमही पद्धतीवर ठरतो. एपीए वर्षाने लावते, जुने आधी. एमएलए शीर्षकाच्या अकारविल्ह्याने लावते.

‘कोसला’चे नाव निघालेच आहे, तर त्याची नोंद बघू. सूचीत पुष्कळदा अशी दिसते : मुंबई : पॉप्युलर प्रकाशन, १९६३. चिन्हे बिनचूक, क्रम बिनचूक, एकही तपशील गळलेला नाही. तरीही असे पुस्तक कधी छापलेच गेले नाही. १९६३ साली ‘कोसला’ पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. पॉप्युलरकडे ती पुढे आली. लेखकाच्या हातात पॉप्युलरची प्रत होती, आणि वर्ष त्याने पहिल्या आवृत्तीचे घातले. परिणाम पृष्ठांकांवर होतो. कादंबरी नव्याने जुळवली की पाने सरकतात, आणि वाचक पहिली आवृत्ती मिळवून बसला तर निबंधात दिलेल्या पानावर त्याला ते वाक्य सापडत नाही. म्हणून नोंद लेखकाने प्रत्यक्ष वाचलेल्या प्रतीची हवी : तिची आवृत्ती, तिचे वर्ष, तिचा प्रकाशक. पहिल्या आवृत्तीचे वर्ष सांगायचेच असेल तर ते ‘प्रथम आवृत्ती १९६३’ असे वेगळे लिहावे.

यामुळेच गळलेला तपशील मी स्वतःहून भरत नाही. ग्रंथालयाच्या तालिकेत वर्ष मिळते, पण ते दुसऱ्याच आवृत्तीचे असू शकते. समासात प्रश्न लिहून नोंद लेखकाकडे परत पाठवतो. पुस्तकावर खरोखरच वर्ष छापलेले नसेल तर तसे स्पष्ट लिहावे, आणि प्रस्तावनेच्या तारखेवरून अंदाज केला असेल तर तो चौकोनी कंसात घालावा.

जुन्या मराठी पुस्तकांत आणखी एक खड्डा आहे. शीर्षकपानावर ‘शके १८२०’ असते आणि सूचीत नुसते ‘१८२०’ उतरते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हे १८९८. शक गुढीपाडव्याला बदलतो, म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात. इथे चूक पकडायला लेखकाचा काळ आठवावा लागतो. वि. का. राजवाडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मले. त्यांच्या नावापुढे १८२० दिसले की शक सोडून दुसरे कारण संभवत नाही. नियतकालिकांतही असेच होते. ‘वर्ष ३७, अंक ४’ यातले वर्ष म्हणजे मासिकाचे सदतिसावे वर्ष. सूचीत ते कॅलेंडरचे वर्ष समजून ‘१९३७’ केलेले मी पाहिले आहे.

तपासायची माझी रीत सांगतो. सूची मी सलग वाचत नाही. एका फेरीत फक्त वर्षे पाहतो, दुसऱ्या फेरीत फक्त गावे, तिसरीत प्रत्येक नोंदीचे शेवटचे चिन्ह. शीर्षक वाचायला लागलो की मन पुस्तकात शिरते आणि स्वल्पविराम सुटतो. त्याआधी मजकुरातला प्रत्येक उल्लेख सूचीत आहे का आणि सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात कुठे आली आहे का, हे दोन्ही बाजूंनी पेन्सिलीने खुणा करत ताडतो. एका बाजूने ताडले तर निम्म्या चुका राहतात. मजकुरात ‘ढेरे १९८४’ आणि सूचीत ‘१९४८’ अशी अंकांची अदलाबदल इथेच सापडते.

एवढे करूनही आवृत्तीचा प्रश्न तपासनीसाला टेबलाशी बसून सुटत नाही, कारण पुस्तक त्याच्यापुढे नसते. म्हणून निबंध लिहिणाऱ्यांना माझी एक विनंती आहे : पुस्तक ग्रंथालयात परत करण्याआधी त्याचे शीर्षकपान आणि त्याच्या मागचे पान, दोन्हींचा फोटो काढून ठेवा.