नवसागराने निवळणारं दूध

पोट साफ करणारं ‘मिल्क ऑफ मॅग्नेशिया’ दुधासारखं दिसतं, कारण त्यात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचे न विरघळलेले कण तरंगत असतात. ते थोडेसेच विरघळतात: Mg(OH)₂ ⇌ Mg²⁺ + 2OH⁻. त्यात नवसागराचं, म्हणजे अमोनियम क्लोराइडचं, भरपूर द्रावण घातलं की पांढरेपणा निवळतो. इथे दुसरा समतोल आड येतो: NH₄⁺ + OH⁻ ⇌ NH₃ + H₂O. अमोनियम आयन OH⁻ पळवतो, म्हणून तूट भरायला आणखी कण विरघळतात. नवसागराचं द्रावण किंचित आम्लधर्मी असतं, मग हे काम आम्लाचंच नसेल? शंका रास्त आहे. पण जवळजवळ उदासीन असलेलं अमोनियम अॅसिटेटही हेच करतं, साधं मीठ मात्र नाही. उलट द्रावणात आधीच भरपूर अमोनिया असेल, तर दुसरा समतोल मागे रेटला जातो आणि विरघळणं मंदावतं.